मॅच कुणाची आहे, मावशी? घरात राहून डेटिंग अ‍ॅप वापरताना गुपित कुठून फुटतं आणि ते कसं बुजवायचं

रविवारची संध्याकाळ होती. टीव्हीचं यूट्यूब बिघडलं होतं म्हणून चौथीतल्या भाच्यासाठी मी माझ्या फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकली आणि कार्टून लावून दिलं. आई खाली बसून मेथी निवडत होती, अण्णा आरामखुर्चीत. पाच मिनिटांत टीव्हीच्या वरच्या कडेला एक पट्टी सरकत आली. फोनवर बोटाएवढी दिसणारी ती पट्टी टीव्हीवर हातभर लांब होती. भाच्याला इंग्रजी अक्षरं नुकतीच जुळायला लागलेली. त्यानं मोठ्यानं वाचलं, "न्यू मॅच... मॅच कुणाची आहे, मावशी?"

अण्णांनी मान वर केली. "आज इंडियाची हाय का?"

मी "हो, सराव सामना आहे" म्हणाले आणि वायफाय बंद केलं. कार्टून गेलं म्हणून भाचा रडला, ते सोसलं.

मी अंबाजोगाईची, वय अठ्ठावीस, कमावती, आई-वडिलांसोबत राहणारी. त्या रात्री मी फोन घेऊन बसले आणि ही गोष्ट घरात आणखी कुठून बाहेर येऊ शकते ते शोधत गेले. एवढं कळलं की अ‍ॅपला कुलूप लावणं हे काम सगळ्यात सोपं. गुपित फुटतं ते नोटिफिकेशनमधून, सामाईक जीमेलमधून, बँकेच्या मेसेजमधून आणि आपल्याच फोटोतल्या गाडीच्या नंबर प्लेटवरून. पुढे लिहिलंय ते अठरा पूर्ण झालेल्यांसाठी, आणि मुख्यतः अँड्रॉइडसाठी, कारण आपल्याकडे घरोघरी तेच आहेत. कंपनीनुसार सेटिंगची नावं थोडी बदलतील. सापडलं नाही तर सेटिंगच्या शोधपट्टीत ते नाव टाकून बघा.

आधी फोन कोण, कशासाठी घेतं ते बघा

आमच्याकडे फोन म्हणजे घरातला पाण्याचा माठ. ज्याला तहान लागेल तो ग्लास बुडवणार. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी मी आठवडाभर नुसतं बघितलं.

आई सकाळी हरिपाठ लावायला फोन घेते आणि संध्याकाळी परळीच्या मामाला व्हिडिओ कॉल करते. ती कधीच काही उघडून बघत नाही. समोर आलं तर मात्र तिच्या नजरेतून सुटत नाही. अण्णांना फक्त एसएमएस लागतो, कारण गॅसचा आणि बँकेचा ओटीपी माझ्या नंबरवर येतो. भाऊ हॉटस्पॉट चालू करायला थेट सेटिंगमध्ये शिरतो. भाचा जे दिसेल ते दाबतो आणि त्याला माझा पॅटर्न पाठ आहे.

म्हणजे चार माणसं आणि चार वेगळी छिद्रं. आईसाठी नोटिफिकेशन बंद व्हायला हवं, अण्णांसाठी एसएमएस, भावासाठी सेटिंगमधल्या खुणा आणि भाच्यासाठी आयकॉन. तुमच्या घरची यादी वेगळी असेल, पण ती केल्याशिवाय पुढे गेलात तर नको तिथे तीन कुलपं लावाल आणि मागचं दार उघडंच राहील.

एक सूचना इथेच देते. एका रात्रीत सगळा फोन कुलूपबंद करू नका. काल मोकळा असलेला फोन आज आईच्या हातात उघडेना झाला की तोच पुरावा होतो. मी महिनाभर आधी बँकेच्या अ‍ॅपला लॉक लावलं आणि "ऑफिसात सांगितलंय, फ्रॉड वाढलेत" असं चहा पिताना दोनदा बोलून ठेवलं. ते खोटंही नव्हतं.

खातं कुठल्या जीमेलवर आहे?

गावात नवा फोन घेतला की बऱ्याचदा दुकानदारच जीमेल काढून देतो, आणि तोच जीमेल पुढे घरातल्या दुसऱ्या फोनवरही चढतो. आमच्याकडे माझा जुना जीमेल आईच्या फोनवर होता. याचा परिणाम असा की एका फोनवर उतरवलेलं अ‍ॅप प्ले स्टोअरच्या यादीत दुसऱ्या फोनवरूनही दिसू शकतं. अ‍ॅप काढून टाकलं तरी आधी कधीतरी घेतल्याची नोंद खात्यात राहते. भावानं नवा फोन घेऊन त्यावर तोच जीमेल टाकला आणि जुन्या फोनचा बॅकअप उतरवला, तर ते अ‍ॅप आपसूक नव्या फोनवर येऊन बसू शकतं.

म्हणून पहिलं काम: जीमेलच्या खात्यात जाऊन सुरक्षेच्या पानावर `Your devices` बघा. तिथे कुठले फोन, कुठला टीव्ही दिसतो? मग डेटिंगसाठी स्वतंत्र जीमेल काढा. तो काढताना रिकव्हरीसाठी वडिलांचा नंबर किंवा घरचा ईमेल देऊ नका, कारण नव्या लॉगिनचे इशारे तिकडे जातात.

फेसबुकवरून लॉगिन टाळा. नाव तिथून जसंच्या तसं उचललं जातं. नाव टाकताना आधीच विचार करा, नंतर बदलणं अवघड जातं. माझं नाव तालुक्यात फारसं कुणाचं नाही, म्हणून मी घरातलं लाडाचं नाव दिलं. नंबर टाकलात तर ओटीपीच्या एसएमएसमध्ये अ‍ॅपचं नाव असतं. नोंदणी झाल्याबरोबर तो पुसा. आमच्या अण्णांना गॅसचा ओटीपी शोधताना वरून खाली सगळे मेसेज वाचायची सवय आहे.

नोटिफिकेशन: नुसतं लपवू नका, बंद करा

बहुतेक जण लॉकस्क्रीनवर मजकूर लपवण्याचं सेटिंग करतात आणि निर्धास्त होतात. ते सेटिंग फोन लॉक असतानाचं आहे. आई हरिपाठ लावते तेव्हा फोन उघडा असतो, आणि उघड्या फोनवर पट्टी वरून खाली येतेच. टीव्हीवर झालं ते यामुळेच. म्हणून डेटिंग अ‍ॅपच्या बाबतीत मधला मार्ग नको. त्याचं नोटिफिकेशन मुळातून तोडा.

अँड्रॉइड 13 किंवा त्यापुढचा फोन असेल तर अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच नोटिफिकेशनची परवानगी मागतं. तिथेच नाही म्हणा, काम संपलं. अ‍ॅप आधीच घेतलेलं असेल तर आयकॉन दाबून धरा, `App info` मध्ये जा, `Notifications` उघडा आणि सगळ्यात वरचं बटण बंद करा. खालच्या आवाज, कंपन वगैरे बारीक पर्यायांच्या नादी लागू नका. वरचं एक बटण बंद झालं की आयकॉनवरचा ठिपकाही जातो.

हे केल्यावर दोन दिवसांनी मला वाटलं झालं सगळं, आणि मग जीमेलची घंटा वाजली. "कुणीतरी तुम्हाला लाइक केलंय" असा ईमेल. अ‍ॅप फोनवर बोलायचं थांबलं की ईमेलनं बोलायला लागतं. म्हणून अ‍ॅपच्या आत सेटिंगमध्ये जाऊन ईमेल आणि एसएमएस दोन्हीच्या खुणा काढा. नवा जीमेल फोनवर जोडला असेल तर जीमेल अ‍ॅपमध्ये त्या एका खात्याचं नोटिफिकेशन `None` करता येतं. ऑफिसच्या ईमेलची घंटा मात्र चालू ठेवा. सगळंच मुकं झालं तर आई विचारणारच.

तिसरी जागा फार थोड्यांना माहीत असते. अँड्रॉइड 11 पासून बऱ्याच फोनमध्ये `Notification history` असतं. ते चालू असेल तर गेल्या 24 तासांत आलेली नोटिफिकेशनं, तुम्ही बोटानं ढकलून दिलेलीसुद्धा, तिथे यादीनं दिसतात. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या पानावरच ते सापडतं. भाऊ हॉटस्पॉट शोधता शोधता तिथे पोचू शकतो. बंद करून टाका.

आता तपासणी. दोन दिवस थांबा, एखाद्या ओळखीच्या मॅचला मेसेज टाकायला सांगा आणि फोन टीव्हीला जोडून पाहा. पट्टी आली नाही, जीमेल वाजला नाही, इतिहासात काही नाही, म्हणजे जमलं. याची किंमत एकच: मेसेज आलेला कळणार नाही. मी रात्री जेवणानंतर गच्चीवर कपडे काढायला जाते तेव्हा वीस मिनिटं बघायचे. सुरुवातीलाच समोरच्याला सांगून टाकलं होतं की उत्तर रात्रीच मिळेल. ज्यांना ते जमलं नाही ते गेले, आणि बरंच झालं.

आयकॉन आणि त्याच्या खुणा

आयकॉन लपवण्याचा आत्ताचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे अँड्रॉइड 15 पासूनचं `Private space`, तुमच्या कंपनीनं दिलं असेल तर. त्याला फोनपेक्षा वेगळं लॉक ठेवता येतं आणि आत वेगळा जीमेल टाकता येतो. म्हणजे वर काढलेला स्वतंत्र जीमेल फक्त तिथेच राहतो, बाहेरच्या प्ले स्टोअरला त्याचा पत्ता नसतो. ही जागा बंद केली की आतली अ‍ॅप थांबतात, नोटिफिकेशन येत नाही. सेटिंगमध्ये ती बंद असताना पूर्ण लपवायचाही पर्याय आहे. मग शोधपट्टीत तिचं नाव टाकल्याशिवाय दिसत नाही.

सॅमसंगच्या अनेक फोनवर याच कामाचं `Secure Folder` असतं, पण स्वस्त मॉडेलवर सगळीकडे नसतं. रेडमी, रियलमी, ओप्पो, विवो यांच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपला लॉक लावायची आणि बऱ्याच ठिकाणी ते लपवायची सोय असते. आयफोनवर आयओएस 18 पासून आयकॉन दाबून धरला की फेस आयडी मागायचा आणि अ‍ॅप लपवायचा पर्याय येतो.

इथे माझी फजिती झाली ती बोटाच्या ठशामुळे. अ‍ॅपला लॉक लावलं, पण तो लॉक फोनच्याच ठशानं उघडत होता, आणि कधीकाळी मी आईचा अंगठाही फोनमध्ये घालून दिला होता. तिच्यासाठी ते कुलूप नव्हतंच. ठशांची यादी उघडून बघा, किंवा अ‍ॅप लॉकसाठी ठसा बंद करून वेगळा पिन ठेवा. पॅटर्न नको. तेलकट बोटाचा पॅटर्न काचेवर उमटतो, आणि भाच्यासारखी पोरं तो खांद्यावरून बघून पाठ करतात.

लपवल्यावरही काही ठिकाणी नाव डोकावू शकतं: अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या चळतीत, बॅटरी कुणी किती खाल्ली त्या पानावर, आणि `Digital Wellbeing` मध्ये. चळत हातासरशी ढकलून मोकळी करायची सवय लावून घ्या. बाकीच्या दोन ठिकाणी तुमच्या घरात कुणी जातं का? आमच्याकडे कुणी जात नाही, म्हणून मीही फार डोकं लावलं नाही.

अ‍ॅपच नको असेल तर टिंडर ब्राउझरमध्येही चालतं. इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडा आणि क्रोमच्या प्रायव्हसीच्या पानावर इन्कॉग्निटो टॅबला लॉक लावायचं सेटिंग आहे ते चालू करा. आयकॉन नाही, नोटिफिकेशन नाही. मात्र टॅब बंद केला की पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा तो एसएमएस पुसा. मला याचा कंटाळा आला.

गावातल्यांना तुम्ही कसे दिसता

घरात सगळं बंद केलं तरी आत्याचा मुलगा त्याच अ‍ॅपवर असतो. पुण्यात हा प्रश्न सौम्य आहे. अंबाजोगाईत, उदगीरला, गंगाखेडला तुमच्या वयाची, अ‍ॅपवर असलेली माणसं मोजकी. दोन दिवस कार्ड सरकवलं की गावातले सगळे संपतात.

पहिला उपाय टिंडरच्या सेटिंगमधला `Block Contacts`. फोनमधली यादी दाखवून त्यातले नंबर निवडले की त्या नंबरवर खातं असलेल्यांना तुम्ही दिसत नाही, आणि ते तुम्हाला दिसत नाहीत. सगळी यादी अ‍ॅपच्या हवाली करायची नसेल तर एकेक नंबर हातानं टाका. मी एका दुपारी बसून चुलत, मावस, आते, ऑफिस आणि गल्ली असे नव्वदेक नंबर टाकले. बंबल आणि हिंजवरही अशी सोय आहे. पण तिची मर्यादा समजून घ्या: तिला माणूस कळत नाही, नंबर किंवा ईमेल कळतो. आत्याच्या मुलानं दुसऱ्या सिमवर खातं काढलं असेल तर तो ब्लॉक झालेलाच नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. टिंडरवर तुमच्या नावाखाली किलोमीटर येतात. शोधायची मर्यादा वाढवून 80 किंवा 100 केली म्हणजे गावातल्यांना आपण दिसणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. ती मर्यादा तुम्हाला कोण दिसावं याची आहे. शेजारच्या गल्लीतला त्यानं जवळचं अंतर ठेवलं असेल तरी तुम्हाला बघेल आणि "1 किलोमीटर" वाचेल.

मी वापरलेली युक्ती अशी. आठवड्यातून दोनदा कामासाठी मी लातूरला जाते, पन्नास-साठ किलोमीटर. अ‍ॅप उघडलं की ते जागा नव्यानं नोंदवतं, आणि बंद असताना परवानगी नसेल तर नोंदवत नाही. म्हणून लोकेशनची परवानगी "अ‍ॅप वापरताना" एवढीच ठेवली, नेमकी जागा सांगणारं `Use precise location` बंद केलं आणि नवी कार्डं बघायचं काम फक्त लातूरला बस स्टँडच्या बाहेर किंवा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत केलं. लातूरकरांना मी लातूरचीच वाटायचे. अंबाजोगाईत आल्यावर अ‍ॅप उघडलं की हा डाव मोडतो, म्हणून ज्याच्याशी बोलणं जमलं त्याच्याशी लवकरच दुसरीकडे बोलायला लागले. गच्चीवरची ती वीस मिनिटं पुढे तिथेच गेली. परवानगी अंदाजे जागेची असली तरी गावाचं नाव लपत नाही, एवढं लक्षात ठेवा. लपते ती गल्ली. समलिंगी मित्रांच्या अ‍ॅपवर माणसं अंतराच्या क्रमानं जाळीत मांडलेली असतात. तिथे तर अंतर दाखवणं सेटिंगमधून बंद करूनच सुरुवात करावी.

फुकटात आणखी एक करता येतं. टिंडरच्या सेटिंगमधलं डिस्कव्हरी बंद केलं की नव्या लोकांसमोर तुमचं कार्ड जात नाही, जुन्या मॅचशी बोलणं चालू राहतं. आम्ही दिवाळीत, उरुसात, लग्नसराईत, म्हणजे पुण्या-मुंबईचे सगळे भाऊबंद गावात उतरतात तेव्हा हेच करतो. पैसे भरले तर टिंडर आणि बंबल दोन्हीवर इन्कॉग्निटो मिळतं. तुम्ही ज्याला लाइक कराल त्यालाच दिसाल. छोट्या गावात पैसे द्यायचेच असतील तर माझ्या मते एवढ्याच सोयीसाठी द्यावेत. बाकीच्या सोयींचा उपयोग जिथे माणसं हजारोंनी आहेत तिथे.

फोटोंचं मात्र कुठलंही सेटिंग नाही. माझा पहिला फोटो योगेश्वरी मंदिराच्या पायऱ्यांवरचा होता. दुसरा हत्तीखान्याच्या लेण्यांत. तिसऱ्यात मी स्कूटीवर, आणि खाली स्वच्छ एमएच 44. तो आकडा अंबाजोगाई आरटीओचा आहे हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. एका मैत्रिणीनं बघून विचारलं, "आधार कार्डच का नाही टाकलंस?"

तेव्हापासूनचे नियम: पाठीमागे दुकानाची पाटी, शाळा, मंदिर नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीचा फोटो नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्थळासाठी स्टुडिओत काढलेला फोटो अजिबात नको. तो बायोडेटासोबत समाजाच्या दहा ग्रुपवर फिरत असतो. तोच इथे दिसला की ओळखायला दोन सेकंद लागतात. प्रोफाइलवर स्वतःबद्दल लिहायच्या मजकुरातही हेच. "अंबाजोगाई, शिक्षिका, वय 28, गाण्याची आवड" एवढ्यावर आमच्या गल्लीतली कुणीही काकू नाव सांगेल. गावाऐवजी "लातूरच्या बाजूला", नोकरीऐवजी "शिक्षण क्षेत्रात" एवढं पुरतं. भेटल्यावर सांगायला काहीतरी शिल्लकही राहतं.

नंबर द्यायची घाई नको

बोलणं जमलं की दुसऱ्याच दिवशी नंबर मागतात. नंबर म्हणजे नुसते दहा आकडे नाहीत. तो यूपीआयला जोडलेला असेल तर कुठल्याही यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की बँकेत नोंदलेलं पूर्ण नाव समोर येतं, आडनावासकट. ट्रूकॉलरवर लोकांनी तुम्हाला काय म्हणून सेव्ह केलंय तेही दिसतं. माझं नाव तिथे अण्णांच्या नावासह होतं. म्हणून पहिले काही आठवडे नंबराविना बोलता येईल तिथे बोला. टेलिग्रामवर खातं काढायचा विचार असेल तर एक ध्यानात घ्या: तुमचा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे त्यांना "अमुक टेलिग्रामवर आले" अशी सूचना जाऊ शकते. मामाचा फोन आला होता मला, "काय गं, टेलिग्रामवर काय करायलीस?"

व्हॉट्सअ‍ॅपवर आलातच तर `Chat lock` लावा. त्या चॅटचं नाव दाबून माहितीच्या पानावर जायचं, तिथे ते सापडतं. मग सूचनेत नाव आणि मजकूर येत नाही, फक्त नवा मेसेज आला एवढंच येतं. लॉक केलेल्या चॅटच्या आतल्या सेटिंगमध्ये सिक्रेट कोड ठेवला की चॅटच्या यादीतली लॉक केलेल्या चॅटच्या कप्प्याची ओळसुद्धा गायब होते आणि शोधपट्टीत कोड टाकल्यावरच उघडते. शिवाय `Linked devices` बघा. भावाच्या लॅपटॉपवर कधीतरी प्रिंट काढायला जोडलेलं व्हॉट्सअ‍ॅप अजून तिथे चालू असेल.

चॅट लॉक केली तरी कॉल मात्र नावानिशी वाजतो. यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे नाव "रेखा मॅडम" करून ठेवणं. करू नका. एक दिवस तुम्ही अंघोळीला असता, मॅडमचा फोन येतो, आई सहज उचलते आणि मॅडम घोगऱ्या आवाजात "हॅलो, जेवलीस का?" म्हणतात. माझ्या मैत्रिणीच्या घरी हे घडलं. नुसता फोन असता तर "कुणीतरी ऑफिसातला" म्हणून निभावलं असतं. खोटं नाव सापडल्यावर निभावत नाही. त्यापेक्षा साधं पहिलं नाव ठेवा आणि कॉल कधी करायचा ते ठरवून घ्या.

पैसे

माझं बचत खातं अण्णांसोबत जोडलेलं आहे, एसएमएस त्यांच्याही फोनवर जातो. अशा खात्यातून यूपीआय ऑटोपे लावलं तर दर महिन्याला पैसे कापायच्या 24 तास आधीही सूचना येते. म्हणजे महिन्याला दोनदा दवंडी. त्याऐवजी प्ले स्टोअरचा रिचार्ज कोड घेऊन खात्यात शिल्लक टाका आणि त्यातून भरा. पावतीचा ईमेल अ‍ॅपच्या नावासह येतो. तो वेगळ्या जीमेलवर येईल हे बघा. अ‍ॅप काढल्यानं वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमध्ये `Subscriptions` मधून वेगळी रद्द करावी लागते.

"तुझ्या घरी सांगतो"

गुपित ठेवणाऱ्या माणसाला धमकावणं सोपं असतं, आणि हे धंदा म्हणून करणारे लोक ते जाणून असतात. ठरलेली पद्धत अशी: सुंदर प्रोफाइल, दोन दिवसांत गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल, समोरून कपडे उतरवणं, तुम्हालाही उतरवायला लावणं, आणि दहा मिनिटांनी रेकॉर्डिंग आणि पैशांची मागणी. सोबत तुमच्या इन्स्टाग्रामवरून उचललेली नातेवाइकांची नावं. मुलगेही यात मोठ्या संख्येनं अडकतात. म्हणून इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट ठेवा. यादीच दिसली नाही तर धमकीतली अर्धी हवा जाते.

अडकलात तर पैसे देऊ नका. पहिल्या पाच हजारांनंतर मागणी थांबत नाही, वाढते. बोलणं पुसण्याआधी प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते. उघडे फोटो पसरायची भीती असेल तर stopncii.org वर जा. फोटो तिकडे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा बनतो आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्राम, बंबल यांसारख्या ठिकाणी तो अडवला जातो.

यासाठीच एका तरी माणसाला हे सगळं माहीत असू द्या. माझ्या बाबतीत ती आधार कार्डवाली मैत्रीण होती. पहिल्यांदा भेटायला लातूरला गेले तेव्हा तिच्याकडे त्याचं नाव, फोटो, हॉटेलचं नाव होतं आणि माझं लोकेशन चार तासांसाठी चालू होतं. भेट भरदुपारी, गजबजलेल्या ठिकाणी. परतीची एसटी आधीच बघून ठेवलेली. कंडक्टर ओळखीचा निघाला, पण लातूरला मी दर आठवड्याला जातेच, त्याला काय त्याचं.

मिटवताना

जमलं, किंवा कंटाळा आला, की लोक आयकॉन दाबून धरतात आणि अ‍ॅप काढून टाकतात. खातं तसंच राहतं. फोटो, नाव, वय, सगळं तिकडे लोकांसमोर फिरू शकतं, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. सोयरीक ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याच्या मित्रानं असं कार्ड दाखवल्याचं मी जवळून पाहिलं आहे. मुलीनं अ‍ॅप काढून वर्ष झालं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी वर्गणी असेल तर रद्द करा. मग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला जाऊन `Delete Account` दाबा. तिथे काही दिवस थांबायचा किंवा नुसतं लपवायचा पर्याय पुढे केला जातो, तो घेऊ नका. खातं गेल्याचं दिसलं की त्यानंतर अ‍ॅप काढा. शेवटी प्ले स्टोअरमध्ये `Manage apps & device` उघडून, इन्स्टॉल नसलेल्या अ‍ॅपची यादी निवडून, तिथलीही ओळ पुसा. मी हे केलं तेव्हा त्या यादीत दोन वर्षांपूर्वीचं, पूर्ण विसरलेलं आणखी एक अ‍ॅप सापडलं. आईच्या फोनवरचा तो जुना जीमेल आठवला आणि पोटात गोळा आला.